रिक्रूटरचा निरोप आला, पण काम आपल्याला साजेसं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या आयटी आणि आयटीशी जोडलेल्या नोकऱ्यांमध्ये असलेल्या वाचकांकडून हे प्रश्न सतत येतात. मी बरीच वर्षं भरतीचं काम केलं आहे, आधी कन्सल्टन्सीत आणि नंतर एका कंपनीत, त्यामुळे उत्तरं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिली आहेत. निरोपांचे नमुने मराठीत आहेत. तुम्हाला निरोप इंग्रजीत आला असेल तर याच क्रमाने इंग्रजीत लिहा.

१. अनोळखी रिक्रूटरचा निरोप आला आणि ते काम मला नकोच आहे. उत्तर द्यायलाच हवं का?

प्रत्येकाला नाही. शेकडो जणांना एकाच वेळी गेलेला मेल सहज ओळखू येतो. त्यात तुमच्या कामाचा उल्लेख नसतो, अनुभव "३ ते १२ वर्षं" असा काहीही लिहिलेला असतो आणि शहरांची नुसती यादी असते. अशा मेलला उत्तर दिलं नाही तरी कुणी नोंद ठेवत नाही.

ज्या निरोपात तुमचं सध्याचं काम, तुमचं तंत्रज्ञान किंवा आधीची कंपनी यातलं काहीतरी नेमकं आलेलं आहे, तो कुणीतरी तुमचं प्रोफाइल उघडून लिहिला आहे. त्याला उत्तर द्या. लिंक्डइनवरच्या इनमेलचं तर आणखी एक गणित आहे. रिक्रूटरला महिन्याला मोजकेच इनमेल मिळतात आणि समोरच्याने ९० दिवसांच्या आत उत्तर दिलं, अगदी नकार दिला, तरी तो खर्च झालेला इनमेल त्याला परत मिळतो. म्हणजे तुमचं "नाही" हेही त्याच्या उपयोगाचं असतं.

दोन दिवसांत उत्तर गेलं तर उत्तम. तीन आठवडे उलटले असतील तरी लिहा, फक्त उशिराबद्दल लांबलचक माफी मागत बसू नका.

२. रिक्रूटर कंपनीचा आहे की कन्सल्टन्सीचा, याने माझ्या उत्तरात काही फरक पडतो का?

बराच पडतो, म्हणून लिहिण्याआधी त्याचं प्रोफाइल किंवा मेलचा पत्ता बघा.

कंपनीतला रिक्रूटर एकाच कंपनीसाठी माणसं शोधतो, पण त्याच्याकडे वेगवेगळ्या टीमच्या जागा असतात. त्याला "ही टीम नको, अमुक प्रकारची जागा निघाली तर बोलू" असं सांगण्यात अर्थ आहे. ते वाक्य तो कंपनीच्या भरतीच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे टाकतो आणि तो कंपनी सोडून गेला तरी ते तिथेच राहतं.

कन्सल्टन्सीचा रिक्रूटर अनेक कंपन्यांसाठी काम करतो. त्याची फी कंपनी देते, उमेदवार नाही. आपल्याकडे ही फी बहुतेक वेळा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी असते आणि तुम्ही रुजू झाल्यावरच मिळते. त्यामुळे आजच्या जागेसाठी तुम्ही नसलात तर त्याला तुमच्याकडून एवढंच कळायला हवं असतं की कुठल्या जागेसाठी तुम्ही नक्की हो म्हणाल. त्याला कंपनीचं नाव न सांगता कामाचा प्रकार सांगा.

तिसरा प्रकार स्टाफिंग फर्मचा. इथे तुम्ही काम एका कंपनीसाठी करता आणि पगार दुसरीच देते, म्हणजे थर्ड पार्टी पेरोल. तुम्हाला असं काम चालतच नसेल तर पहिल्या उत्तरातच स्पष्ट सांगा, कारण त्यांच्याकडच्या बहुतेक जागा तशाच असतात आणि पुढचे दहा फोन वाचतात.

३. नकारात नेमकं काय लिहायचं? "नॉट इंटरेस्टेड" पुरेसं नाही का?

"नॉट इंटरेस्टेड" लिहिलंत की पलीकडे काय होतं ते आधी सांगते. कन्सल्टन्सीत अजूनही बरंचसं काम एक्सेलच्या ट्रॅकरवर चालतं. त्यात एकूण अनुभव, संबंधित अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड, सध्याचं शहर, पसंतीचं शहर असे रकाने असतात आणि शेवटी शेरा. फोन उचलला नाही की शेऱ्यात "आरएनआर", नको म्हणालात की "एनआय". चार महिन्यांनी चांगली जागा आली आणि रिक्रूटरने जुना ट्रॅकर उघडला, तर पहिल्याच झटक्यात "एनआय"च्या ओळी गाळल्या जातात. तुम्ही कशाला नाही म्हणाला होतात, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून उत्तर असं लिहा की त्यातलं एक वाक्य उचलून शेऱ्यात चिकटवता यावं. त्यात चार गोष्टी हव्यात: स्पष्ट नकार, त्याचं एक कारण, कुठल्या कामासाठी बोलाल ते, आणि केव्हा. मिळून पाच-सहा ओळी. प्रत्यक्ष उदाहरण घेऊ.

समजा, तुम्ही कोथरूडला राहता, जावा बॅकएंड डेव्हलपमेंटचा सहा वर्षांचा अनुभव आहे, सध्या ऑफिस बाणेरला आहे आणि नोटीस ६० दिवसांची आहे. निरोप आला: प्रॉडक्शन सपोर्टची जागा, हिंजवडी फेज थ्री, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा, थर्ड पार्टी पेरोलवर सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. इथे नको म्हणायला चार कारणं आहेत. चारही लिहिलीत तर उत्तर तक्रारीसारखं वाटतं आणि तुम्हाला नेमकं काय नको ते धूसर होतं. बाकी सगळं जमवून दिलं तरीही ज्यामुळे तुम्ही नाहीच म्हणाल ते कारण निवडा. इथे ते कामाचं स्वरूप आहे: दिवसपाळी असती, कायम नोकरी असती, तरी डेव्हलपमेंट सोडून सपोर्टला तुम्ही गेला नसतात.

> नमस्कार मॅडम,
>
> या जागेसाठी माझा विचार केलात, आभार. ही जागा सपोर्टची आहे आणि मला डेव्हलपमेंटमध्येच राहायचं आहे, त्यामुळे इथे मी पुढे जात नाही.
>
> जावा, स्प्रिंग बूटवर बॅकएंड डेव्हलपमेंटची सीनियर जागा, कंपनीच्या पेरोलवर, पुण्यात किंवा पूर्ण घरून, अशी काही आली तर जरूर कळवा. नोटीस ६० दिवसांची आहे. सध्या घाईने शोधत नाही, पण अशी जागा असेल तर लगेच बोलू शकेन.

दुसरा परिच्छेद पुन्हा वाचून बघा. तंत्रज्ञान, पातळी, नोकरीचा प्रकार, ठिकाण, नोटीस: रिक्रूटरला शेऱ्यात टाकायला लागणाऱ्या पाच गोष्टी त्यात आल्या. "जावा स्प्रिंग बूट पुणे" शोधलं की ही ओळ सापडते. रात्रपाळीबद्दल एक शब्दही लिहिला नाही, कारण डेव्हलपमेंटच्या जागेत तो प्रश्न उठलाच तर पुढच्या बोलण्यात सांगता येतो. पेरोलचा मुद्दा मात्र नकाराचं कारण म्हणून न येता पुढच्या जागेची अट म्हणून आला, आणि तिथे तो जास्त कामाचा आहे.

"चांगली संधी असेल तर कळवा" हे वाक्य रोज शंभर जण लिहितात. चांगली म्हणजे काय हे रिक्रूटरला कळत नाही, म्हणून त्याचं पुढे काहीच होत नाही.

४. खरं कारण सांगायचं की "सध्या नोकरी बदलायची नाही" म्हणून मोकळं व्हायचं?

बदलायची नसेल तर तसंच सांगा. पण काम आवडलं नाही म्हणून "सध्या बदलत नाही" असं लिहिलंत, तर रिक्रूटर ते खरं मानतो आणि वर्षभर तुमच्याकडे फिरकत नाही. हा सभ्य बहाणा तुम्हालाच महाग पडतो.

कामाचं स्वरूप, पातळी, ठिकाण, पाळी, नोकरीचा प्रकार आणि पगार ही कारणं बिनधास्त सांगण्यासारखी आहेत. ती जागेबद्दल असतात, माणसांबद्दल नसतात, आणि रिक्रूटरला ती कंपनीकडे पोचवताही येतात. पाच जणांनी रात्रपाळीमुळे नकार दिला असं त्याने सांगितलं की कधीकधी कंपनी पाळीचा भत्ता वाढवते किंवा वेळ बदलते.

"तुमच्या कंपनीबद्दल वाईट ऐकलंय" हे मात्र लिहू नका. ऐकीव माहिती खरी असली तरी ती लेखी नोंदीत तुमच्या नावावर राहते. तिथे जायचंच नसेल तर "या कंपनीसाठी मी इच्छुक नाही, अशाच प्रकारची जागा दुसरीकडे असेल तर बोलू" एवढं पुरतं. कन्सल्टन्सीचा रिक्रूटर त्यावर कारण विचारत नाही.

घरची कारणं, म्हणजे आईवडिलांची तब्येत, मुलांची शाळा, लग्न, यांचं फक्त फलित सांगा: "जून २०२७ पर्यंत पुण्याबाहेर येऊ शकत नाही." त्याचा तपशील तुमचा तुमच्याकडे राहू द्या.

५. पगार कमी आहे म्हणून नको आहे. माझा आकडा सांगू का?

सांगा, पण अपेक्षेचा तळ सांगा, आणि तोही फिक्स्ड पगाराचा. नकाराच्या पहिल्या उत्तरात सध्याचा पगार सांगायची गरज नसते. रिक्रूटर विचारेल, कारण ट्रॅकरमध्ये तो रकाना आहे. "जागा जुळली की सांगेन" हे उत्तर चालतं.

फिक्स्ड यासाठी की सीटीसीच्या आकड्यात बरंच काही दडलेलं असतं. २० लाखांचं सीटीसी घ्या. त्यात व्हेरिएबल २ लाख आहे, कंपनीची कामगिरी बरी झाली तरच पूर्ण मिळणारं. बेसिक १० लाख असेल आणि कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरत असेल तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,२०,००० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ४८,१०० रुपये. हे तिन्ही वजा केले की वर्षाला हातात येण्याजोगे १६,३१,९०० रुपये उरतात, आणि तुमचा स्वतःचा पीएफ आणि आयकर अजून कापायचाच आहे. तुमचा सध्याचा फिक्स्ड १७ लाख असेल आणि समोरून "२० लाख" आले, तर ही बढती आहे असं समजून हो म्हणण्याआधी ही वजाबाकी करा.

> ही जागा माझ्या अपेक्षेपेक्षा कमी पगाराची आहे. व्हेरिएबल धरून न चालता फिक्स्ड २२ लाखांपासून पुढे असेल अशाच जागेसाठी मी बोलेन.

एक सावधगिरी. हा आकडा नोंदला जातो आणि पुढच्या वर्षीही तोच तुमच्या नावापुढे दिसतो. अंदाज नसेल तर आकडा देऊ नका. "पगाराचा पट्टा आधी कळला तर दोघांचाही वेळ वाचेल" असं लिहा. आणि पगार हे खरं कारण नसेल तर पगारावर ढकलू नका, कारण रिक्रूटर आकडा वाढवून परत येतो आणि मग दुसऱ्यांदा नाही म्हणणं जड जातं.

६. नको म्हटलं तरी "डेटाबेससाठी सीव्ही पाठवून ठेवा" म्हणतात. पाठवू का?

कंपनीच्या रिक्रूटरने मागितला तर पाठवायला हरकत नाही. कन्सल्टन्सीने मागितला तर थांबून विचार करा, कारण खरं नुकसान इथे होतं.

होतं ते असं. एखादी कन्सल्टन्सी तुम्हाला न विचारता तुमचा सीव्ही एका कंपनीकडे पाठवून देते. बहुतेक कंपन्यांत ज्याने उमेदवार आधी पाठवला त्याचा हक्क काही महिने राहतो, अनेक ठिकाणी सहा महिने. मग त्याच कंपनीत तुमची मैत्रीण आतून तुमचं नाव सुचवायला जाते आणि सिस्टीम सांगते की हा उमेदवार आधीच आलेला आहे. तिला रेफरलचा बोनस मिळत नाही, आणि फीचा वाद टाळण्यासाठी कंपनी कधीकधी तुमचं नावच बाजूला ठेवते. तुम्हाला यातलं काही कळतही नाही. फक्त उत्तर येत नाही.

म्हणून पाठवायचाच असेल तर ही ओळ मेलच्या मजकुरात लिहा, फोनवर नुसतं सांगू नका:

> सीव्ही सोबत जोडला आहे. कंपनीचं नाव आणि कामाचं वर्णन मला कळवून, माझा लेखी होकार मिळाल्याशिवाय तो कुणालाही पाठवू नये.

सीव्हीवर जन्मतारीख, घरचा पत्ता, पॅन किंवा आधार क्रमांक नसावा. काही कंपन्या नोंदणीसाठी पॅन मागतात, पण ते तुम्ही हो म्हटलेल्या जागेसाठी. डेटाबेससाठी कधीच नाही.

अमेरिकेत कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या मराठी मंडळींना हाच प्रकार "राइट टू रिप्रेझेंट"च्या मेलमधून भेटतो. "आय कन्फर्म" लिहून पाठवलं की त्या क्लायंटसाठी त्या व्हेंडरला तुम्ही हक्क दिलात. काम नको असेल तर त्या मेलला होकार देऊ नका, मग समोरून कितीही घाई होवो.

७. तेच तेच चुकीच्या कामाचे निरोप येतात. कितीदा नाही म्हणू?

इथे नकार देत बसण्यापेक्षा मूळ शोधा. रिक्रूटर प्रोफाइल वाचून तुमच्यापर्यंत पोचत नाही, आधी शब्द शोधून पोचतो. नोकरी डॉट कॉमच्या डेटाबेसमध्ये तो कौशल्य, अनुभव, शहर, नोटीस आणि प्रोफाइल शेवटचं केव्हा वापरलं हे गाळण्या लावून बघतो. पहिल्या नोकरीत तुम्ही दोन वर्षं सपोर्ट केला असेल आणि कौशल्यांच्या यादीत "इन्सिडेंट मॅनेजमेंट", "एल टू सपोर्ट" अजून असतील, तर सपोर्टच्या प्रत्येक शोधात तुमचं नाव वर येणारच.

ते शब्द कौशल्यांतून काढा. अनुभवाच्या वर्णनात राहिले तरी चालतील, पण तिथेही आधी सध्याचं काम येऊ द्या. प्रोफाइलच्या शीर्षकात "जावा बॅकएंड डेव्हलपर, ६ वर्षं, पुणे" असं सरळ लिहा, कारण यादीत नावाखाली तेच दिसतं. पसंतीच्या शहरांत सगळीकडे टिक केलेलं असेल तर चेन्नई आणि नोएडाचे फोन थांबणार नाहीत. प्रोफाइल बदलल्यावर ते ताजं दिसतं आणि काही दिवस निरोप वाढतात, म्हणून बदलाचा उपयोग झाला की नाही हे दोन-तीन आठवड्यांनी ठरवा.

८. मेल नाही, सरळ फोन येतात. तेही ऑफिसच्या वेळेत. तेव्हा काय बोलायचं?

"आत्ता बोलता येणार नाही, कामाचं वर्णन, ठिकाण आणि पगाराचा पट्टा मेलवर पाठवा, मी उद्यापर्यंत उत्तर देते" एवढं बोलून फोन ठेवा. मेल आला तर प्रश्न ३ प्रमाणे उत्तर द्या. मेल आलाच नाही तर त्या जागेत सांगण्यासारखं फारसं नव्हतं असं समजा.

एकाच कन्सल्टन्सीतून तीन वेगवेगळी माणसं त्याच जागेसाठी फोन करतात, याचा राग येतो. प्रत्येकाला स्वतःचं टार्गेट असतं आणि बहुतेक वेळा एकाने केलेली नोंद दुसऱ्याने पाहिलेली नसते. तिसऱ्याला "तुमच्याच ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना मी काल लेखी नकार दिला आहे, माझ्या नावापुढची नोंद बघा" असं सांगा. त्यानंतरही थांबले नाहीत तर तो नंबर ब्लॉक करा. तिथून चांगली जागा यायची शक्यता तशीही कमी असते.

९. कंपनी आवडती आहे, फक्त ही जागा चुकीची आहे. इंटरव्ह्यू देऊन आत शिरावं आणि मग बदलून घ्यावं का?

माझं स्पष्ट मत, नको. अनेक कंपन्यांत एकदा इंटरव्ह्यूत नापास झालेल्या उमेदवाराला ठरावीक काळ, बहुधा सहा महिने, पुन्हा बोलावत नाहीत. सपोर्टच्या किंवा टेस्टिंगच्या इंटरव्ह्यूत तुम्ही मागे पडलात, कारण ते तुमचं काम नाही, आणि पुढच्याच महिन्यात तुमची खरी जागा निघाली तर सिस्टीम तुम्हाला अडवते. सरावासाठी इंटरव्ह्यू द्यायचाच असेल तर जिथे जायचंच नाही तिथे द्या, असंही काही जण सुचवतात. मला तेही पटत नाही, कारण त्यात चार माणसांचे तास जातात.

आत शिरून टीम बदलणंही वाटतं तितकं सोपं नाही. बऱ्याच ठिकाणी वर्ष-दीड वर्ष त्याच टीममध्ये काढावं लागतं आणि मॅनेजरचा होकार लागतो.

त्यापेक्षा कंपनीच्या करिअर पानावर जा, जुळणारी जागा शोधा आणि तिचा जॉब आयडी उत्तरात द्या: "या जागेसाठी मी योग्य नाही, पण तुमच्या पानावर अमुक आयडीची जागा दिसते आहे. ती तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे आहे ते कळवाल का?" रिक्रूटरला शोधायला न लावता तुम्हीच दुवा दिला की तो सहकाऱ्याकडे निरोप पुढे ढकलतो. जागा उघडी नसेल तर पातळी आणि टीमचं नाव लिहा.

१०. मी संधींसाठी खुला आहे हे सध्याच्या ऑफिसला कळलं तर?

लिंक्डइनवर `Open to work` लावताना दोन पर्याय येतात. `All LinkedIn members` निवडलंत तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि सगळ्यांना दिसतं. `Recruiters only` निवडलंत तर तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरांपासून ते लपवलं जातं, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे सध्याच्या कंपनीसोबत तिच्या समूहातल्या इतर कंपन्याही टाका.

या दोन्ही सोयींतून सुटणारी गोष्ट म्हणजे कन्सल्टन्सी. तुमची कंपनीही तिची ग्राहक असू शकते. म्हणून नकाराच्या उत्तरात सध्याच्या प्रोजेक्टचं, क्लायंटचं किंवा मॅनेजरचं नाव लिहू नका, तक्रार तर नाहीच. उत्तर ऑफिसच्या मेलवरून किंवा लॅपटॉपवरून पाठवू नका.

११. आधी हो म्हणून बसलो, आता कळलं की काम वेगळंच आहे. आता कसं नाही म्हणू?

कुठल्या टप्प्यावर आहात त्यावर आहे. सीव्ही अजून कंपनीकडे गेला नसेल तर एक मेल पुरतो. इंटरव्ह्यू ठरला असेल तर आधी फोन करा आणि मग त्याच दिवशी मेल लिहा, शक्यतो एक कामाचा दिवस आधी. न सांगता इंटरव्ह्यूला गैरहजर राहिलात तर ती नोंद कंपनी आणि कन्सल्टन्सी दोघांकडे राहते आणि ती नकारापेक्षा फार वाईट आहे.

आधीच्या वर्णनात आणि आता कळलेल्या कामात फरक पडला असेल तर तो फरकच कारण म्हणून लिहा, आरोपाचा सूर न लावता: "पहिल्या निरोपात डेव्हलपमेंट होतं, दुसऱ्या फेरीत कळलं की सत्तर टक्के काम सपोर्टचं आहे." असा नकार रिक्रूटरला पटतो, कारण कंपनीला जाब विचारण्याजोगं काहीतरी त्याच्या हातात येतं.

१२. मला नको, पण माझ्या मित्राला हे काम चालेल. त्याचा नंबर देऊ का?

मित्राला विचारून द्या, आणि तो शोधत नसेल तर देऊ नका. तुमच्या नावाने आलेला चांगला उमेदवार रिक्रूटरच्या लक्षात राहतो हे खरं आहे. पण ती कंपनी मित्राच्या ओळखीची असेल तर त्याला आतल्या माणसाकडून रेफरल मिळणं अधिक बरं, कारण सीव्हीच्या हक्काची भानगड त्यालाही लागू होते (प्रश्न ६).

१३. हे खरं आहे की फसवणूक, कसं ओळखायचं?

नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, पडताळणी, कुठल्याही नावाने पैसे मागितले की ती फसवणूक आहे. फी कंपनी देते हे वर सांगितलंच आहे. मोठ्या कंपनीचं नाव आणि जीमेलचा पत्ता, इंटरव्ह्यूशिवाय ऑफर, टेलिग्रामवर यायचा आग्रह, हीही तशीच चिन्हं. इथे सभ्य नकार लिहायचा नाही, उत्तरच द्यायचं नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

१४. मी दुसरी ऑफर घेतली आहे आणि नोटीसवर आहे. आता येणाऱ्या निरोपांना काय सांगू?

नोटीसवर असलेल्यांना सगळ्यात जास्त निरोप येतात, कारण रिक्रूटर "लवकर रुजू होणारे" अशी गाळणी लावूनच शोधतात. प्रोफाइलवरचं "नोटीसवर आहे" आधी काढा. निरोप आलाच तर नवीन कंपनीचं नाव न सांगता तारीख सांगा: "ऑफर स्वीकारली आहे, १ तारखेला रुजू होत आहे. पुढचं वर्षभर बदलण्याचा विचार नाही." आणखी एक ऑफर हातात ठेवण्यासाठी बोलणी चालू ठेवायची असतील, तर निदान हो म्हटलेल्या कंपनीला येत नसल्याचं शेवटच्या आठवड्यापर्यंत न थांबता आधीच कळवा. त्यांनी तोवर बाकीच्या उमेदवारांना नाही सांगितलेलं असतं.

१५. नकार दिलेल्या रिक्रूटरला पुन्हा केव्हा आणि कसं लिहायचं?

तुमच्या परिस्थितीत काहीतरी बदललं की लिहा. नोटीस ९० वरून ३० दिवसांवर आली, शहर बदलायची तयारी झाली, नवीन तंत्रज्ञानावर एक प्रोजेक्ट पूर्ण झाला, अशी बातमी हवी. "काही आहे का?" असं दर महिन्याला विचारलं तर उत्तरं येणं थांबतं. चार-सहा महिन्यांतून एकदा पुरे.

निरोप जुन्या संभाषणाखालीच पाठवा, म्हणजे मागचा नकार आणि तुमच्या अटी वर दिसतात:

> मार्चमध्ये आपलं सपोर्टच्या जागेबद्दल बोलणं झालं होतं. आता माझी नोटीस ३० दिवसांची झाली आहे आणि हैदराबादलाही येऊ शकेन. बॅकएंडची सीनियर जागा असेल तर सीव्ही पाठवते.

यासाठी तुमच्याकडेही छोटी नोंद असायला हवी: रिक्रूटरचं नाव, कंपनी, कुठली जागा, काय कारण दिलं, कुठला आकडा सांगितला. दोन रिक्रूटरांना वेगवेगळे आकडे सांगितलेत आणि दोघेही पुढे एकाच कंपनीसाठी काम करायला लागले, असं पुण्यात होतं. रिक्रूटर स्वतः बऱ्याचदा नोकऱ्या बदलतात, त्यामुळे ज्याच्याशी बोलणं नीट झालं त्याला लिंक्डइनवर जोडून ठेवा. सपोर्टच्या जागेसाठी फोन करणारी मुलगी दीड वर्षाने एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत भरती बघत असते, आणि तिथल्या तिच्या पहिल्याच यादीत जुने, नीट उत्तर दिलेले लोक असतात.